‘गळत होतं’ आणि ‘फुटला’ यातला फरक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वरच्या फ्लॅटमधला भिंतीतला पाइप मध्यरात्री फुटला आणि आमच्या दोन खोल्यांची छतं भिजली. घराचा विमा होता, तरी आमचा पहिला दावा फेटाळला गेला. कारण होतं मी लिहिलेलं एक वाक्य. ही वेळ इतर कुणावर येऊ नये म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मी लिहिलं होतं, ‘वरच्या फ्लॅटमधून पाणी गळत असल्यामुळे आमचं छत खराब झालं आहे.’ आपण सगळे असंच बोलतो. पण बहुतेक घरविम्यांत अचानक पाइप फुटून झालेलं नुकसान भरून मिळतं आणि हळूहळू झिरपणाऱ्या ओलीचं नुकसान वगळलेलं असतं. ‘गळत असल्यामुळे’ वाचून कंपनीने ही जुनी गळती ठरवली. दुसऱ्या पत्रात मी घटना जशी घडली तशी लिहिली. रात्री २ च्या सुमारास पाणी ठिबकायला लागलं, २:२० ला वरच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद केला, सकाळी प्लंबरने टाइल फोडल्यावर सांध्याजवळ तडकलेला पाइप सापडला. या घटनेच्या आधी छतावर डाग नव्हता, हेही स्पष्ट लिहिलं.

पण लिहिलेलं सिद्धही करावं लागतं, आणि तिथे माझे फोटो अपुरे पडले. घाईत काढलेल्या ११ फोटोंमध्ये नुसते डाग होते. खोली कुठली, डाग केवढा, काहीच कळत नव्हतं. आधी दारातून सगळी खोली दिसेल असा फोटो हवा, मग पूर्ण छताचा, मग डागाशेजारी मोजपट्टी धरून जवळचा. नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला सर्व्हेअर डागाकडे बारकाईने पाहतो. एकदाच भिजलेल्या छतावर बहुधा एकच कड उमटते. एकात एक तपकिरी वर्तुळं, लोणा, बुरशी किंवा सळईचा गंज दिसला, तर पाणी वारंवार मुरत होतं असा निष्कर्ष निघतो. आमच्या बाजूने निर्णायक ठरला तो घटनेच्या दोन आठवडे आधी घरात सहज काढलेला एक फोटो. त्यात मागे स्वच्छ छत दिसत होतं. शिवाय तडकलेला तुकडा प्लंबरने राडारोड्याच्या पोत्यात टाकला होता, तो शोधून काढून जपून ठेवला. फुटलेला पाइप कधीही फेकू देऊ नका.

अंदाजपत्रकातही माझी चूक झाली होती. कंत्राटदाराने एका ओळीत लिहून दिलं होतं, ‘छत दुरुस्ती व रंग, एकूण.’ त्यात वरचा पाइप बदलण्याचा खर्चही मिसळलेला होता आणि तो आमच्या विम्यात बसत नव्हता. एका रकमेतून वेगळं काय करायचं हे सर्व्हेअरला कळेना, म्हणून त्याने सगळ्यालाच कात्री लावली. दुसऱ्यांदा दोन जणांकडून खोलीनिहाय अंदाज घेतला. ढिलं प्लास्टर काढणं, वाळवणं, नवं प्लास्टर, डाग अडवणारा प्रायमर आणि रंग, प्रत्येकाचं चौरस मीटरमध्ये माप. रंग फक्त डागापुरता नव्हे, तर पूर्ण छताचा धरायला सांगितला, कारण जुन्या रंगाशेजारी ठिगळ उठून दिसतं. पॉलिसीप्रमाणे जुन्या रंगावर घसारा आणि ठरलेली वजावट मात्र सोसावी लागली.

वाळवण्याचा खर्च वेगळा लिहिणं अनेकांना फालतू वाटतं. पण छत वरून कोरडं दिसलं तरी आत स्लॅबमध्ये पाणी असतं. ओलावामापकाचा आकडा शेजारच्या कोरड्या छताएवढा येण्याआधीच रंग लावला, तर काही आठवड्यांत पोपडे निघतात, आणि ते घाईच्या कामाचं नुकसान म्हणून कंपनी नाकारू शकते. आम्ही साडेतीन आठवडे थांबलो. पडू पाहणारं प्लास्टर काढणं किंवा वीज बंद करणं मात्र लगेच करावंच लागतं. त्यासाठी सर्व्हेअरची वाट पाहू नये, फक्त आधी फोटो घ्यावेत आणि काढलेले तुकडे ठेवावेत.

शेवटची गोष्ट वरच्या शेजाऱ्यांची. ती माणसं भली. थोडे पैसे देऊ केले आणि ‘यापुढे आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागितली. संबंध बिघडू नयेत म्हणून मी सही करणारच होतो. सर्व्हेअरने थांबवलं. आपल्याला भरपाई दिल्यावर, शेजाऱ्याचा निष्काळजीपणा असेल तर ते पैसे त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे जातो. आपण तो हक्क परस्पर सोडून दिला, तर आपलाच दावा अडचणीत येतो. मी शेजाऱ्यांना हे समजावून सांगितलं, त्यांनीही त्यांच्या विमा कंपनीला कळवलं, आणि तो कागद तसाच कोरा राहिला.

आपला,
एक वाचक