काळ्या पट्टीची खिडकी बंद करा: रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

सोलापुरात नवी पेठेत माझे चादरी-टॉवेलचे दुकान आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला खेड्यापाड्यांतून माणसे येतात, तेव्हा आम्हाला श्वास घ्यायलाही फुरसत नसते. यंदा त्याच गर्दीत एका आजोबांनी दोन चादरी घेतल्या आणि कार्ड दिले. मशीनमध्ये खोचले, चिप वाचली गेली नाही. पुसून परत खोचले, तेच. तिसऱ्यांदाही नाही, आणि मग पडद्यावर आले: PLEASE SWIPE. मी कार्डामागची काळी चुंबकीय पट्टी बाजूच्या खाचेतून ओढली, आजोबांनी पिन टाकला, पैसे जमा.

रात्री स्लिपा लावताना लक्षात आले. चिपच्या स्लिपवर आमच्याकडे AID, TVR, TC अशा ओळी छापून येतात. त्या दिवशीच्या अकरा स्लिपांवर त्या नव्हत्याच. कार्डे वेगवेगळी, बँका वेगवेगळ्या. म्हणजे दोष कार्डांचा नव्हता. टॉवेलांचा कापूस उडून मशीनच्या खाचेत बसला होता. साफ केल्यावर दुसऱ्या दिवशी सगळी कार्डे चिपवर चालली. पण आदल्या दिवशी अकरा माणसांचे कार्ड मी पट्टीवर ओढले होते, आणि मशीन देणाऱ्या बँकेने मला साधा फोनही केला नव्हता.

यात एवढे काय, असे कोणी म्हणेल, म्हणून सांगतो. पट्टीवर कार्डाचा नंबर, मुदत, एक तीन आकडी सेवा-कोड आणि बँकेचे तपासणी अंक कायमचे लिहिलेले असतात. दर वेळी पट्टी तेच आणि तेवढेच बोलते. कुणी काडेपेटीएवढ्या रीडरमधून एकदा कार्ड ओढले की ते सगळे जसेच्या तसे कोऱ्या कार्डावर उतरवता येते. चिपचे तसे नाही. मशीन तिला दर वेळी नवा आकडा देते, आणि चिप आतल्या गुप्त किल्लीने त्या व्यवहारापुरतेच उत्तर तयार करते. ती किल्ली बाहेर येत नाही आणि कालचे उत्तर आज चालत नाही.

मग चोर पट्टीच का वापरतो? सेवा-कोडाचा पहिला आकडा 2 किंवा 6 असला, म्हणजे उदाहरणार्थ 201, की मशीनला कळते की या कार्डाला चिप आहे, आणि ते पट्टी नाकारून कार्ड खोचायला सांगते. चोराने तो कोड बदलून 101 केला तर तपासणी अंक जुळत नाहीत, कारण ते अंक नंबर, मुदत आणि सेवा-कोड यांच्यावरूनच काढलेले असतात. बँकेने तपासले की व्यवहार फसतो. म्हणून तो कोडाला हात लावत नाही. नकली कार्डावर बंद पडलेली चिप ठेवतो आणि दोन-तीनदा खोचतो. मशीन त्याच्याही पडद्यावर तेच लिहिते, जे आजोबांसाठी लिहिले. खराब चिप आणि खोटी चिप यांतला फरक मशीनला कळत नाही. चिप बोलली आणि तिने नकार दिला तर पट्टीकडे वळायचे नसते. पण चिप गप्प राहिली की ही खिडकी उघडते.

आपल्याकडे पट्टीवरही पिन लागतो, हे खरे. पण पिन गर्दीत बघून घेता येतो. आजोबांनी तो नातवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुटपुटत टाकला. परदेशात अनेक ठिकाणी पट्टीला पिन लागत नाही. 2020 मध्ये आपल्या बँकेने नवी कार्डे मुळात देशातच चालतील असा नियम केला, आणि परदेशी, ऑनलाइन, कॉन्टॅक्टलेस वापर चालू-बंद करण्याची सोय ग्राहकाला दिली. तो फार चांगला निर्णय होता. त्याच यादीत एका बटणाची भर घाला, एवढीच मागणी आहे: पट्टी. मुळात बंद, ज्याला हवी त्याने चालू करावी.

हे अवघड नाही. चिप चुकल्यामुळे पट्टी ओढली, हे बँकेकडे जाणाऱ्या संदेशात वेगळ्या कोडाने लिहिलेले असते. ते पाहूनच बँक व्यवहार मंजूर करते किंवा नाकारते. ज्याची चिप खरेच झिजली आहे त्याची खरेदी अडेल, हे मला मान्य आहे. गिऱ्हाईक परत गेले तर नुकसान माझेच. पण बहुतेकांच्या फोनवर यूपीआय असते, आणि बँकेने तोच कोड बघून नवे कार्ड पाठवावे.

तोवर निदान दोन गोष्टी व्हाव्यात. पैसे गेल्याच्या एसएमएसमध्ये ‘चिप’ की ‘पट्टी’ हा शब्द असावा, म्हणजे सोलापुरातल्या माणसाला आपले कार्ड कुठेतरी पट्टीवर ओढले गेले हे त्याच मिनिटाला कळेल. आणि एका मशीनवर दिवसात तीन-चार वेगवेगळी कार्डे पट्टीवर गेली, तर मशीनच्या बँकेने दुकानदाराला त्याच दिवशी कळवावे. मला कुणी कळवले असते तर अकराऐवजी चारच स्लिपा निघाल्या असत्या.

आपला,
नवी पेठेतील एक दुकानदार, सोलापूर