पेन्सिलीखालचा वण

सातारा,
२८ नोव्हेंबर २०२१

प्रिय बाळू,

परवा फोनवर तू विचारलंस, "काम हातचं का घालवलंस?" तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, धड बोलता आलं नाही. खरं तर ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हतीच. आण्णांच्या डार्करूममध्ये तू माझ्याबरोबर रात्र रात्र बसलास, म्हणून तुलाच सविस्तर लिहितो.

यंदा १९७१ च्या लढाईला पन्नास वर्षं होतायत. आपल्या पलीकडच्या गावाने ठरवलं की समाजमंदिरात गावच्या जवानांचे मोठे फोटो लावायचे, १६ डिसेंबरला उद्घाटन. त्यातले एक सुभेदार आजोबा, चार वर्षांपूर्वी वारलेले. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये या पलटणीने जमालपूरच्या दक्षिणेला ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून धरला होता. १० तारखेच्या रात्री आतली पाकिस्तानी फौज तो फोडून निसटायला बघत होती. त्या रात्री आजोबांच्या डाव्या गालाला तोफगोळ्याचा छर्रा लागला. कानाच्या पाळीखालून हनुवटीच्या कोपऱ्यापर्यंत वण होता. तूही पाहिलायस, बाजारात भेटायचे ते.

घरी त्यांचा वर्दीतला एकच फोटो, तोही पावसाने भिजून बुरशी आलेला. पाठीमागे आण्णांचा शिक्का आणि नंबर. माळ्यावरची खोकी काढली, रजिस्टर काढलं. १९७२, हाफ प्लेट निगेटिव्ह, पाकिटात जशीच्या तशी. स्कॅन केली, सोळा बाय वीसची चाचणी प्रत काढली. कमिटीचे लोक खूश झाले. मीही झालो. वर्दी कडक, डोळे स्वच्छ, गाल गुळगुळीत.

रात्री जेवताना लक्षात आलं, गाल गुळगुळीत कसा? छर्रा लागला ७१ ला, फोटो ७२ चा.

खाली दुकानात गेलो. निगेटिव्ह टेबललॅम्पखाली तिरकी धरली आणि डाव्या गालावर करडी चमक दिसली. सरळ उजेडात ती दिसत नाही, तिरप्या उजेडातच दिसते. स्कॅन शंभर टक्के मोठा करून पाहिला तर बाकी चेहऱ्यावर फिल्मचे दाणे, आणि त्या पट्ट्यात स्वल्पविरामासारखे बारीक बारीक फटकारे. आण्णांचा हात. खिडकीपाशी डेस्क लावून, काचपेपरवर पेन्सिलीचं टोक सुईसारखं काढून तासन् तास बसायचे, आठवतं ना? खोलगट वणात सावली पडते. ती सावली निगेटिव्हवर पारदर्शक रेघ म्हणून उतरते. तिथे पेन्सिल भरली की कागदावर तेवढा भाग उजळतो आणि खड्डा नाहीसा होतो.

पण पेन्सिल फिल्मच्या आत जात नाही, बाळू. ती बसावी म्हणून आण्णा आधी राळ आणि टर्पेंटाइनचं मिश्रण चोळायचे. त्या पातळ थरावरच ती असते. खाली चांदीत उतरलेला चेहरा शाबूत. टर्पेंटाइननेच तो थर सुटतो.

आधी पेन्सिल असलेली निगेटिव्ह पुन्हा नीट स्कॅन करून ठेवली, कारण एकदा पुसलं की आण्णांचं कामही गेलं. मग वर्दीच्या खांद्यावरच्या एका रिटच केलेल्या ठिपक्यावर करून पाहिलं. काडीला कापूस, जेमतेम ओला, दाबायचं नाही, नुसतं टेकवून उचलायचं. दर खेपेला कापूस करडा होऊन येत होता. दीड तासात वण वर आला. मला आण्णांचं काहीतरी उघडं पाडल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, हात थांबला होता मध्ये.

सगळा मात्र नाही आला. वणाची वरची कड चकचकीत असते. जखमेच्या कातडीला ना केस, ना घामाची छिद्रं, त्यामुळे ती उजेड परत फेकते. असा भाग निगेटिव्हवर काळा, दाट येतो. तिथे पेन्सिल चालत नाही, सुरीने खरवडून तो पातळ करावा लागतो. हनुवटीजवळचा अर्धा इंच आण्णांनी खरवडला होता. तिथली चांदीच गेली. टर्पेंटाइनने काय परत येणार?

नवी प्रत दाखवली तर कमिटीचे चेहरे उतरले. "शाळेची पोरं बघणार. बाकीचे फोटो कसे साफ आहेत." मग एकाने बरोबर नेम धरला, "तुझ्या वडलांनीच काढला होता की. तू कोण परत आणणारा?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. रजिस्टरमध्ये त्या नंबरापुढे आण्णांच्या अक्षरात आहे, 'स्थळासाठी. रिटच पूर्ण.' चोवीस वर्षांच्या पोराचं लग्न जमायचं होतं, घरच्यांनी सांगितलं, आण्णांनी केलं. त्या कामात मला आजही चूक दिसत नाही. पण आताच्या चौकटीखाली 'जमालपूर येथे जखमी' अशी पाटी लागणार. पाटी एक सांगणार आणि गाल दुसरंच. मी म्हटलं, वण पुसून मी प्रत देणार नाही. पहिली चाचणी प्रतही परत घेतली, आगाऊ रक्कमही परत केली.

तरी एक गोष्ट डाचत होती. आजोबांना स्वतःला काय हवं होतं? ते विचारायला आता त्यांच्या घरीच जायला हवं होतं. रविवारी गेलो. आजींनी प्रत मांडीवर घेतली, चष्मा पुसून बराच वेळ पाहिली. म्हणाल्या, "तो फोटू आमच्याकडं आलावता. पर त्यो बघून होकार न्हाई दिला बाबानं. मानूस दारात आल्यावर दिला." आजोबांनी तो फोटो कधी भिंतीला लावला नाही, ट्रंकेतच होता, म्हणून तर भिजला. रोज दाढी करताना वस्तरा वणाच्या कडेने वळवायचे, मधे केसच नव्हते ना.

मग त्यांनी वणावरून बोट फिरवत खाली आणलं आणि हनुवटीपाशी थांबल्या. "हितं का संपला? पार हितवर होता."

मी त्यांना सुरीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तू काढ की तेवढा. दहा मिनिटांचं काम आहे, बाळू. वरच्या भागातून क्लोन करून जोडला तर कुणालाही कळणार नाही. पण तो माझा वण झाला असता, आजोबांचा नाही. तसं सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. नातवाला हाक मारून खिळा-हातोडी मागवली आणि प्रत बाहेरच्या खोलीत लावून घेतली.

समाजमंदिराचं अजून ठरलेलं नाही. सरपंच परवा आजींकडे जाऊन आले एवढं कळलंय. दुसरी प्रत मी मॅट कागदावर काढून तयार ठेवलीय. चकचकीत कागदावर समोरच्या ट्यूबलाइटची तिरीप नेमकी गालावर पडते.

डिसेंबरात येणार असलास तर येताना पुण्याहून निगेटिव्हसाठी आम्लरहित कागदाची हाफ प्लेटची पाकिटं आण, शंभरएक. आण्णांची अजून अकरा खोकी वर आहेत आणि प्रत्येक निगेटिव्ह आता मी तिरपी धरून बघतोय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिन्या