वास्तुशांतीच्या निमंत्रण व्हिडिओतील निवेदन दुरुस्त करून मिळण्याबाबत

दिनांक : १८ एप्रिल २०२६

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

वास्तुशांतीच्या निमंत्रणाचा आपण पाठवलेला एक मिनिटाचा व्हिडिओ मिळाला. सजावट, रंग, सनई याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार निवेदनाची आणि त्याला जोडलेल्या फोटोंची आहे. या रूपात तो कुणालाही पाठवता येणार नाही.

मूळ चूक ही की छापील पत्रिकेचा मजकूर जसाच्या तसा वाचला आहे. पत्रिका डोळ्यांनी वाचायची असते, तिथले ‘सौ.’ कानाला नुसते ‘सौ’ ऐकू येते, आणि हिंदीची सवय असलेल्याला ते शंभर वाटते. बोलताना ‘सौभाग्यवती’ म्हणावे, नाहीतर सरळ दोघांची नावे घ्यावीत. ‘१०.३०’ चे निवेदिकेने ‘दहा तीस’ केले आहे. वाचणाऱ्याच्या हातातल्या कागदावर ‘साडेदहा’ असे अक्षरांत लिहिलेले असते, तर हे टळले असते. ‘गृहप्रवेशाच्या शुभ अवसरावर आपण सादर आमंत्रित आहात’ हे वाक्य तर मराठी घरात कुणी बोलत नाही.

उच्चारांत ‘ळ’ सगळीकडे ‘ल’ झाला आहे : सकाली, सोहला. ‘वेळ’ची ‘वेल’ झाल्यावर अर्थच बदलतो. ‘घराचा’ मधला च दाताजवळचा आणि ‘घराची’ मधला टाळूचा, हा फरकही नाही. हा दोष यंत्रावर आवाज सुधारून जात नाही. मराठी बोलणाऱ्या व्यक्तीकडून पुन्हा ध्वनिमुद्रण करावे लागेल.

दुसरी गोष्ट वेगाची. आपल्या मजकुरात १६८ शब्द आहेत. आदबीने, थांबत बोलायचे तर मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. म्हणून निवेदिका धापा टाकत वाचते, आणि पत्ता येतो तेव्हा पडद्यावर स्वयंपाकघराचा ओटा दिसतो. खालील मजकूर साठेक शब्दांचा आहे. नावे आणि मधले थांबे धरून तो पाऊण मिनिटात बसतो. तो असाच घ्यावा :

(दारावरचे तोरण) सस्नेह नमस्कार. (यजमान दोघांची नावे)

(घर बाहेरून) कुलस्वामिनीच्या कृपेनं आणि थोरामोठ्यांच्या आशीर्वादानं आमच्या नव्या घराची वास्तुशांत रविवारी, दहा मे रोजी आहे.

(देवघर) पूजेच्या दर्शनाला सकाळी साडेदहापासून या.

(हॉल) जेवण साडेबारा ते अडीच. जेवल्याशिवाय जायचं नाही.

(सोसायटीचे फाटक) मारुती मंदिरासमोरच्या गल्लीत डावीकडची तिसरी इमारत, चौथा मजला.

(पुन्हा तोरण, दार उघडे) घर लावून झालंय, आता तुमची पावलं लागायची तेवढी राहिलीत. सगळ्यांना घेऊन या. आहेर मात्र आणू नका. तुम्ही आलात की भरून पावलं.

वाक्य संपल्यावरच फोटो बदलावा. फाटकाचा फोटो किमान आठ सेकंद ठेवून पत्ता मोठ्या अक्षरांत द्यावा, कारण आजी-आजोबा तेवढाच भाग थांबवून पाहतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून जाताना व्हिडिओ दाबला जातो आणि बारीक अक्षरे फुटतात. सध्याचा पत्ता फोनवर वाचताच येत नाही. शेवटी नकाशाचा क्यूआर कोड टाकला आहे, पण ज्या फोनवर व्हिडिओ पाहायचा त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? तो काढावा. नकाशाची लिंक आम्ही व्हिडिओसोबतच्या मेसेजमध्ये देऊ, तिथे ती दाबता तरी येते.

हॉलचा फोटो आडवा, ४:३ मापाचा दिला होता. आपण तो ९:१६ च्या उभ्या चौकटीत भरला, त्यामुळे रुंदीचा जेमतेम ४२ टक्के भाग उरला. झोपाळा अर्धा, आणि खिडकी गायब. आडवा फोटो मधोमध अखंड ठेवून वर-खाली त्याचीच धूसर प्रत लावावी. तोरणाचा फोटो उलट ताणला आहे. दार उंच आणि निमुळते दिसते. ताणू नये, कडा कापल्या तरी चालतील, फक्त दाराशेजारची नावाची पाटी कापली जाऊ नये.

सनई निवेदनाच्या खाली बरीच हळू हवी. सनईचा आणि बाईचा आवाज एकाच पट्टीत येतात, म्हणून ‘साडेबारा’ नीट ऐकूच येत नाही. बोलणे सुरू होताना ती खाली आणावी, संपल्यावर वर.

मजकूर, मूळ फोटो आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे. दुरुस्त व्हिडिओ २५ एप्रिलपर्यंत पाठवावा; त्यानंतर तो पाहुण्यांना वेळेवर पोहोचणार नाही. पाठवण्याआधी नुसते निवेदन ऐकायला द्यावे, ते पटल्यावरच फोटो जोडावेत. हे जमणार नसेल तर भरलेली पूर्ण रक्कम परत करावी.

कळावे,
आपला ग्राहक