चि. मुक्तास, जुन्या ऑपरेशनच्या कार्डासोबत

कराड, रविवार रात्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर तुझ्या तिरळ्या डोळ्याच्या नव्या ऑपरेशनबद्दल जे बोललो ते बोलायला नको होतं. "चौतीस वर्षं निघाली ना, मग आता कशाला?" हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं कळलं नाही. तू फोन ठेवलास. आई तेव्हापासून माझ्याशी धड बोललेली नाही, आणि तिचं बरोबर आहे.

तुझं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर सरांनी मागितलेलं जुनं कार्ड सापडलं. नानींच्या ट्रंकेत, तुझ्या बालवाडीच्या फोटोखाली होतं. घडीवर फाटलंय, पण वाचता येतं. झेरॉक्स सोबत जोडतो. उजवा डोळा, आतला स्नायू ५ मिलिमीटर मागे, बाहेरचा ७ मिलिमीटर आखूड. तू सहा वर्षांची होतीस आणि डोळा नाकाकडे वळलेला होता. कॉलेजात गेल्यावर तोच डोळा हळूहळू बाहेर सरकायला लागला. लहानपणी आतल्या तिरळेपणाचं ऑपरेशन झालेल्यांत पुढे असं होताना मी डोळ्यांच्या विभागातल्या नोकरीत अनेकदा पाहिलं. हे कार्ड सरांच्या हातात आधी पडायला हवं. आतला स्नायू बुबुळापासून किती लांब शिवलेला आहे ते माहीत असलं, तर उघडल्यावर तो शोधण्यात वेळ जात नाही. तुझा उजवा डोळा नाकाकडे पूर्ण वळत नाही, थोडा आधीच थांबतो, ते त्यांनी दोनदा पाहिलं. तो स्नायू जुन्या व्रणापाशी ताणला किंवा सरकला असेल, अशी शंका त्यांना त्यावरूनच आली असणार. आता तो पुढे आणायचा आणि बाहेरचा सैल सोडायचा, असं ठरलंय ना?

मला आज फक्त कार्डाबद्दल लिहायचं होतं. पण ऑपरेशननंतर एकाच्या जागी दोन दिसण्याची गोष्ट मनातून जात नाही, म्हणून तीही लिहितो.

तुझ्या मेंदूनं लहानपणीच उजव्या डोळ्याचं चित्र बाजूला सारलं. दोन डोळे दोन दिशांना पाहत असताना दोन चित्रं सोसवत नाहीत, म्हणून लहान मेंदू एक चित्र बंद करतो. तपासणीच्या दिवशी लाल-हिरवा चष्मा लावून तुला चारऐवजी तीनच ठिपके दिसले आणि तिन्ही हिरवे. लाल काच उजव्या डोळ्यावर होती. म्हणजे तो डोळा उघडा असूनही हिशेबात नव्हता. मोठ्या वयात तिरळेपणा आला तर माणसाला लगेच दोन दिसतात, कारण मेंदूचं हे शिकण्याचं वय उलटून गेलेलं असतं. तुला कधी दोन दिसले नाहीत ते या बंद चित्रामुळे. पण ही बंदी डोळ्यातल्या साऱ्या पडद्यावर सारखी नसते. डोळा ज्या कोनात राहिला त्या कोनात ती पक्की असते. ऑपरेशननं कोन बदलला की चित्र पडद्यावर दुसऱ्या जागी पडतं. तिथे बंदी नसली, तर आयुष्यात पहिल्यांदा दोन दिसू शकतात.

मी हे इतकं का धरून बसलोय ते तुला कधी सांगितलं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक शिंपी यायचे. चाळिशीत कुठेतरी ऑपरेशन करून घेतलं होतं, डोळे अगदी सरळ होते. पण त्यांना सुया दोन दिसत. मला म्हणाले, "साहेब, आता लोक माझ्या डोळ्यांत बघतात आणि मी दोऱ्यात बघू शकत नाही." शेवटी चष्म्याच्या एका काचेवर धुरकट कागद चिकटवून दिला, तेव्हा काम सुरू झालं. पण खरं तेही सांगायला हवं. त्यांची आधी प्रिझमची तपासणी कुणीच केली नव्हती, तुझी झाली आहे. शिवाय असे कायमचे दोन दिसणारे माझ्या सगळ्या नोकरीत फार थोडे भेटले. पहिले काही दिवस, काही आठवडे दोन दिसून मग थांबलेले मात्र बरेच.

तुझी तपासणी मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाहत होतो. तुझा कोन ४५ प्रिझम डायॉप्टर आला. एक डायॉप्टर म्हणजे एक मीटरवर एक सेंटिमीटर. मीटरभरावरच्या माणसाशी तू बोलतेस तेव्हा तुझा उजवा डोळा त्याच्या चेहऱ्यापासून जवळजवळ अर्धा मीटर बाजूला लागलेला असतो. वर्गात तू एकाला प्रश्न विचारतेस आणि त्याच्या शेजारचा उभा राहतो, त्यात मुलांची काही चूक नाही. हे तू मला सांगत होतीस आणि मी "सवय होते त्यांना" म्हणत होतो. अकरा वर्षं शिकवतेस. दरवर्षी नव्या मुलांना ती सवय लावायची, हे मी कधी लक्षातच घेतलं नाही.

नंतर त्यांनी उजव्या डोळ्यापुढे प्रिझमची पट्टी धरली, जाड कड नाकाकडे, आणि एकेक पायरी वाढवत गेले. ऑपरेशननंतर डोळा जिथे येईल, तिथे चित्र आधीच आणून दाखवायची ही युक्ती. पंधराला एक दिवा. तीसला एक. चाळीसला एक, पंचेचाळीसलाही एक. पन्नासला तू थांबलीस आणि म्हणालीस, "डाव्या बाजूला की उजव्या, काहीतरी अजून एक फिकट आहे." त्यावेळी माझे हात गार पडले. सर मात्र शांतपणे मान हलवत होते, कारण त्यांना त्यांची सीमारेषा सापडली होती. सरळ रेषेपर्यंत तुला एकच दिसतं. डोळा सरळच्या पलीकडे, पुन्हा आत गेला, तर दोन.

म्हणून ते ४५ काढणार नाहीत, ३५ ते ४० काढतील. ५-१० उरले तर समोरच्याला सहसा कळत नाहीत. बाहेरच्या तिरळेपणात पुष्कळ सर्जन मुद्दाम थोडं जास्त आत आणतात, कारण डोळा पुढे पुन्हा बाहेर सरकतो. तुझ्या बाबतीत ती सोय नाही. याची किंमत अशी, की काही वर्षांनी पुन्हा थोडं सरकलं तर पुन्हा टेबलावर जावं लागेल. मला विचारशील तर ही किंमत द्यावी. विचारलं नाहीस, तरी लिहिलं.

आता एक गोष्ट अगदी मनावर घे. टाका सरकता ठेवणार आहेत. भूल उतरली की काही तासांनी किंवा दुसऱ्या सकाळी बधिर करणारे थेंब घालून, तुला बसवून, डोळा किती आला ते पाहतील आणि तो टाका घट्ट किंवा सैल करून कायमचा बांधतील. तेव्हा कुणीतरी हातात आरसा देईल. आरसा नंतर. आधी चष्मा लाव, लांबच्या दिव्याकडे बघ, मग हातातल्या अक्षरांकडे, आणि किती दिसतात ते सांग. दुसरं चित्र फिकट असेल, सावलीसारखं असेल, तरी सांग. लहानपणापासून तू दुखतंय हे सांगत नाहीस. दाढेच्या वेळी काय झालं आठवतं ना? तिथे गप्प राहिलीस तर गाठ पक्की होऊन जाईल.

बघ, पुन्हा व्याख्यान. माफ कर. पण मोबाइलवरचे ते "सुस्त डोळा जागा करण्याचे" व्यायाम आजपासून बंद कर, एवढं ऐकच. अमेयनं चांगल्या मनानं सुचवले असतील. दोन्ही चित्रं जुळवण्याची ताकद मेंदूत नसताना नुसती बंदी उठवली, तर दुसरं चित्र उघडं पडतं, आणि मग ते झाकायला काही उरत नाही. त्या शिंप्यांच्या काचेवरचा कागद...

नको. ते झालं.

उजव्या डोळ्याची नजर ६/३६ आहे ती तेवढीच राहील. ऑपरेशननं स्नायू हलतात, नजर वाढत नाही. हे लिहिताना माझा हात जड होतो. मी जिल्हाभर शाळाशाळांत तक्ता घेऊन फिरलो. कुणाचं बोट कुठे चुकलं ते ओरडून सांगितलं, आणि माझ्या घरातली मुलगी साडेपाच वर्षांची होईपर्यंत एका डोळ्यानं बघत होती. मग चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला लागलो. तू शाळेत जाताना लावायचीस, येताना असायचीच असं नाही. कोल्हापूर सोडताना पलंग उलटा केला तर फळीखाली एकवीस पट्ट्या चिकटवलेल्या. आई हसली. मी त्या मोजत बसलो. प्रत्येक पट्टी म्हणजे एक दिवस, असं काहीतरी मनात येत होतं. तुला तेव्हा रागावलो होतो, त्याची आता लाज वाटते. सहा वर्षांच्या पोरीला अर्धं आंधळं करून शाळेत पाठवायचं आणि वर तिनं पट्टी जपावी अशी अपेक्षा करायची.

त्यामुळे विम्याच्या कागदावर त्या माणसानं "सौंदर्यासाठी" लिहिलं म्हणून तू रडलीस ते मला समजतं. समोरच्यानं आपल्या डोळ्यांत बघावं, हे सौंदर्य नव्हे. सरांकडून लेखी घे, की ही बिघडलेली रचना दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि पुन्हा अर्ज कर.

एक गोष्ट तुला कदाचित सांगितली नसेल. बाहेर वळलेल्या डोळ्यामुळे तुला उजवीकडचं जरा जास्त दिसतं. डोळा मधे आला की ती कड कमी होईल. स्कूटरवर उजवीकडे वळताना मान पूर्ण फिरव. पहिले दोन-तीन आठवडे तर स्कूटरच नको, आणि जिने कठड्याला धरून. दोन दिसले तर आधी एकेक डोळा झाकून बघ. कुठलाही एक झाकल्यावर दुसरं चित्र गेलं, तर ते डोळ्यांच्या कोनाचं आहे. त्यासाठी चष्म्यावर चिकटवायचं पातळ प्रिझम मिळतं. एक डोळा झाकूनही दोन दिसले तर ते बहुधा मलमाचं किंवा पाण्याचं असतं. लाली काही आठवडे राहील, तिला घाबरू नकोस. पण दुखणं वाढलं, नजर धूसर झाली, किंवा डोळा एकदम बाहेर जाऊन आत वळेनासा झाला, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच अमेयला गाडी काढायला सांग.

तुझा निर्णय बरोबर आहे. हे मी फोनवर म्हणायला हवं होतं. तू स्वतः कागद वाचलेस, प्रश्न लिहून नेलेस, त्यातला "दोन दिसले तर तुमची पुढची पायरी काय?" हा प्रश्न मी इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही रुग्णाकडून ऐकला नव्हता.

मूळ कार्ड मी बुधवारी नाशिकला येताना पिशवीत ठेवतो. टाका बांधायच्या वेळी आत येऊ देत असतील तर मी बाहेरच थांबेन, अमेयला जाऊ दे. माझा चेहरा बघून तू "एकच दिसतंय बाबा" म्हणशील.

आईनं डिंकाचे लाडू केलेत. तिनं विचारलंय, ऑपरेशनच्या आदल्या रात्री किती वाजेपर्यंत खायचं ते सरांना विचारून कळव.

तुझा,
बाबा