जिमचे ‘खास दर’: समितीला पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य

विषय: तळमजल्यावरील जिमसाठी घरागणिक वेगळा दर लावू देण्याच्या प्रस्तावावर हरकत

महोदय,

स.न.वि.वि.

तळमजल्याचा हॉल जिमसाठी देण्याला माझा विरोध नाही. हॉल कित्येक महिने बंद आहे आणि आत मोडक्या खुर्च्यांखेरीज काही नाही. माझी हरकत प्रस्तावाच्या एका कलमाला आहे. चालकाला दरपत्रक लावायचं नाही. प्रत्येक घराकडून तो एक फॉर्म भरून घेणार आणि मग त्या घराला ‘आपल्यासाठी खास दर’ कळवणार. फॉर्ममध्ये वजन-उंची विचारली असती तर समजलं असतं. पण त्यात गाडी कोणती, सध्या कुठल्या जिमला जाता आणि तिथे किती भरता, हे प्रश्न आहेत. व्यायामाशी त्यांचा काय संबंध?

संबंध दराशी आहे. गिऱ्हाईक जास्तीत जास्त किती देईल ते ओळखायचं आणि नेमकं तेवढंच मागायचं, याला अर्थशास्त्रात प्रथम श्रेणीचा मूल्यभेद म्हणतात. मूल्यभेदाच्या तीन श्रेणी ए. सी. पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये मांडल्या. त्यांतली ही पहिली व्यवहारात क्वचितच पुरी साधते, कारण दुसऱ्याच्या मनातला आकडा विक्रेत्याला दिसत नाही. तो दिसावा म्हणूनच हा फॉर्म.

मी आयुष्यभर हाच विषय शिकवला, त्यामुळे हिशेब करून पाहिल्याशिवाय राहवलं नाही. जिममध्ये रस असलेल्या दहा घरांना मी विचारलं, “महिन्याला फार तर किती द्याल?” मी काही विकत नव्हतो, म्हणून लोकांनी मोकळेपणाने सांगितलं. आकडे थोडे गोल केले तर एक घर १००० रुपये द्यायला तयार आहे, दुसरं ९००, तिसरं ८०० आणि असं उतरत दहावं १००. चालकाच्या सांगण्यावरून, एक सभासद वाढला की वीज, पाणी, साफसफाई मिळून त्याचा खर्च सुमारे १५० रुपयांनी वाढतो. यंत्रांचा महिन्याचा खर्च तो १००० सांगतो. तो सभासद किती आले यावर बदलत नाही, म्हणून सध्या बाजूला ठेवू.

आधी सर्वांना एकच दर असता तर काय झालं असतं ते पाहू. चालकाला सर्वांत फायद्याचा दर ६०० निघतो. त्या दराला वरची पाच घरं येतात, प्रत्येकामागे ४५० सुटतात आणि नफा २२५० होतो. मग दर ५०० करून सहावं घर का घेऊ नये? कारण सहाव्याकडून ५०० येतात खरे, पण आधीच्या पाच जणांना प्रत्येकी १०० सोडावे लागतात, तेही ५००. आलेले गेले, आणि वर सहाव्याचा १५० खर्च अंगावर पडला. नफा २१०० वर येतो. उलट दर ७०० केला तर एक घर गळतं आणि नफा २२०० राहतो. म्हणजे लोभी चालकसुद्धा ६०० वर थांबतो. त्याच्या मनात दया आली म्हणून नव्हे. दर एकच ठेवायचा असल्यामुळे एकाला दिलेली सवलत सगळ्यांना द्यावी लागते, म्हणून.

या ६०० च्या दरात रहिवाशांच्या पदरात काय पडतं? जे घर १००० द्यायला तयार होतं त्याचे ४०० वाचले. पुढच्याचे ३००, मग २००, मग १००, आणि पाचव्याचे शून्य. बेरीज १०००. याला उपभोक्त्याचं संतोषाधिक्य म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा: द्यायची तयारी होती आणि द्यावे लागले नाहीत, ते पैसे. चालकाचे २२५० आणि आपले १००० मिळून या जिमचा एकूण लाभ ३२५०.

आता ‘खास दर’. ज्याची तयारी १००० ची त्याला १०००, ९०० वाल्याला ९००, असं चालक सांगत जाईल. कुठपर्यंत? घराकडून येणारी रक्कम १५० च्या वर असेपर्यंत, म्हणजे २०० वाल्या घरापर्यंत. नऊ घरं आली. त्यांची एकूण वर्गणी ५४००, त्यातून नऊ जणांचा खर्च १३५० वजा केला की नफा ४०५०. आणि रहिवाशांचं संतोषाधिक्य शून्य.

मागच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले की या पद्धतीत जिम सगळ्यांना परवडेल. ते खोटं नाही. ६०० च्या दराने बाहेर राहिलेली चार घरं आत येतात. त्यांची तयारी ५००, ४००, ३०० आणि २००, बेरीज १४००. त्यांचा खर्च ६०० वजा केला तर ८०० चा जो लाभ एकाच दरामुळे वाया जात होता, तो आता जात नाही. एकूण लाभ ३२५० वरून ४०५० होतो. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर ‘साधनसामग्रीचा वापर पूर्ण कार्यक्षम’ असं लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण दिले असते. फक्त तो सगळा लाभ एकाच खिशात जातो, आणि तो खिसा आपला नाही. ‘परवडेल’ म्हणजे इथे ‘जेमतेम परवडेल’. आत आलेल्या चारही घरांना जिम मिळाली काय आणि न मिळाली काय, पैशाच्या हिशेबात सारखंच.

दोन्ही नफ्यांतला फरक १८०० रुपयांचा आहे. म्हणजे हे एक कलम मान्य करून आपण चालकाला दरमहा १८०० रुपये किमतीची परवानगी देत आहोत. त्यांतले १००० आपल्याच वरच्या घरांच्या खिशातून जातात आणि ८०० नव्याने आलेल्या घरांमुळे निर्माण होतात. या परवानगीबद्दल तो हॉलचं भाडं ३०० ने वाढवून द्यायला तयार आहे, आणि बैठकीत ती आपल्या वाटाघाटींची कमाई म्हणून सांगितली गेली.

एक प्रसंग मात्र असा आहे की तिथे मी स्वतः या पद्धतीच्या बाजूने बोललो असतो. समजा, यंत्रांचा खर्च १००० नसून २५०० असता. मग एका दराने मिळणाऱ्या २२५० मध्ये चालकाला महिन्याला २५० ची खोट आली असती आणि तो आलाच नसता. वेगवेगळ्या दरांनी मात्र त्याला १५५० उरले असते. अशा वेळी मूल्यभेदाशिवाय सेवाच उभी राहत नाही. पण आपल्याकडे तशी स्थिती नाही. त्याच्याच तोंडच्या आकड्यांनुसार एका दरातही त्याला यंत्रांचा खर्च जाऊन १२५० उरतात. तो खर्च खरा किती, हे त्याच्याकडून कागदावर घ्यावं. तोंडी आकडा पुढे फुगू शकतो.

कोणी म्हणेल, त्याला आपल्या मनातलं इतकं अचूक कळणार कसं? बरोबर आहे, कळणार नाही. शिवाय त्याच्या दोन चुकांची किंमत सारखी नसते. १००० वाल्याला ९५० सांगितले तर त्याचे ५० जातात. १०५० सांगितले तर ते घर येतच नाही आणि ८५० जातात. म्हणून शहाणा विक्रेता अंदाजापेक्षा खालचाच दर सांगतो. समजा, तो प्रत्येकाला त्याच्या तयारीच्या ८० टक्के सांगतो. तरी नऊच्या नऊ घरं येतात, नफा २९७० होतो आणि रहिवाशांकडे १०८० उरतात, म्हणजे एका दरापेक्षा ८० जास्तच. हे माझ्या हरकतीला सोयीचं नाही, पण आहे ते असं आहे. मात्र कोणाकडे किती उरतात तेही पाहा. वरच्या तीन घरांकडे ४००, ३००, २०० उरत होते, तिथे आता २००, १८०, १६० उरतात. बाकीच्या सहा घरांचा फायदा होतो. आणि ही अवस्था पहिल्या वर्षापुरतीच. नूतनीकरणाच्या वेळी कोण कुरकुर न करता भरतो आणि कोण रोज न चुकता येतो, हे चालकाकडे नोंदलेलं असेल. ८० चे ९० होतील. जो मनापासून व्यायाम करेल त्याचाच दर आधी वाढेल.

ही पद्धत टिकते कशावर, तेही ध्यानात घ्यावं. स्वस्तात घेतलेलं दुसऱ्याला विकता येत असेल तर ती कोसळते. २०० वाल्याने चार सभासदत्वं घेऊन वरच्या घरांना दिली असती. म्हणूनच प्रस्तावात ‘सभासदत्व हस्तांतरणीय नाही’ आणि ‘दर गोपनीय राहील’ ही दोन वाक्यं आहेत. पहिलं कोणत्याही जिममध्ये असतं. दुसरं वाचून मी थबकलो. शेजाऱ्याने शेजाऱ्याला आपला दर सांगू नये अशी अट सोसायटीच्याच हॉलमध्ये लागू होणार, आणि लिफ्टमध्ये दोघं बोलले तर करारभंग कोणाचा?

माझी सूचना अशी. गोपनीयतेची अट आणि फॉर्म दोन्ही काढावेत, एकच दर असावा, आणि त्याची कमाल मर्यादा ३०० ठेवावी. त्या दराला आठ घरं येतात. चालकाला प्रत्येकी १५० प्रमाणे १२०० मिळतात. त्याने सांगितलेला यंत्रांचा १००० खर्च त्यातून निघतो आणि २०० उरतात. रहिवाशांकडे ७०० पासून खाली शून्यापर्यंत मिळून २८०० राहतात. एकूण लाभ ४०००, म्हणजे ‘खास दरां’पेक्षा फक्त ५० कमी. मात्र ३०० चं वाढीव भाडं यात सोडावं लागेल, आणि २०० उरतात तिथे चालक कुरकुर करणारच. मर्यादा ३५० वर नेली तर सात घरं, त्याला १४०० आणि आपल्याकडे २४५०. घासाघीस करायची तर या दोन आकड्यांमध्ये करावी.

‘खास दरा’त आत येणारं जे एक घर ३०० च्या दरात बाहेर राहतं, त्या ५० रुपयांच्या लाभासकट, ते २०० वालं घर माझं आहे. गुडघ्यांमुळे मला आठवड्यातून एखादेच वेळी जमेल, म्हणून माझी तयारी तेवढीच. ‘खास दरा’त मला २०० मध्ये आत घेतील याची कल्पना मला आहे.

हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि तोपर्यंत करारावर सह्या करू नयेत, ही विनंती. फॉर्म भरून दिलेल्या घरांचे कागद चालकाकडून परत मागवावेत. वरील हिशेब कोणाला ताडून पाहायचा असेल तर दहा घरांचा तक्ता नावांशिवाय द्यायला मी तयार आहे. नावं मात्र समितीलाही देणार नाही.

कळावे,

आपला,
एक सभासद