जनगणनेच्या यादीत ठाणे, प्रत्यक्षात पालघर

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात पाणीटंचाईच्या बातमीत आपण 'ठाणे जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यातले खोडाळा' असं छापलंत. मोखाडा 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. पण ही चूक कुठून आली असेल, ते मला लगेच कळलं, कारण मी वाड्यात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो आणि हाच घोळ दर महिन्याला माझ्या टेबलावर येतो. बातमीदाराने 2011 च्या जनगणनेची यादी उघडलेली असणार.

त्या यादीत महाराष्ट्राचा कोड 27 आणि ठाण्याचा 517. आज पालघर जिल्ह्यात असलेले आठही तालुके त्याच 517 खाली सापडतात. यादी चुकलेली नाही, ती तेव्हाची आहे. जनगणनेआधी सीमा गोठवतात आणि पुढे जिल्हा फुटला तरी छापलेली यादी तशीच राहते.

यात एक गोष्ट मात्र टिकते, ती म्हणजे गावाचा सहा अंकी कोड. जिल्हा बदलला तरी गावाचा कोड तोच राहतो. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी (lgdirectory.gov.in, आम्ही नुसतं 'एलजीडी' म्हणतो) गावांसाठी 2011 चेच कोड वापरते, फक्त त्यावरचा जिल्हा आजचा दाखवते. म्हणून मी नावाने शोधत बसत नाही. जनगणनेच्या यादीत आमचा तालुका Vada आहे, आम्ही लिहितो Wada. गावांच्या नावांची गत याहून वाईट.

कोड मिळवायला बहुतेकांना संगणकाचीही गरज नाही. नव्या नमुन्यातल्या सातबाऱ्यावर गावाच्या नावापुढे कंसात तो छापलेला असतो. मागच्या पावसाळ्यात एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आली. 'जिल्हा जुळत नाही' म्हणून तो परत आला होता. दाखल्यावर पालघर होतं आणि अर्जात कोणीतरी जुन्या यादीवरून ठाणे निवडलेलं. आजोबांचा सातबारा मागवला, कंसातले सहा अंक घेतले आणि आधी 2011 च्या यादीत टाकले. तिथे गाव आणि तालुका बरोबर निघाले, जिल्हा ठाणे. मग तेच अंक एलजीडीत टाकले, तेच गाव, तोच तालुका, जिल्हा पालघर. गाव आणि तालुका दोन्हीकडे जुळले की फरक फक्त विभाजनाचा आहे हे नक्की होतं. तालुकाही वेगळा आला असता, तर एखादा अंक चुकला का किंवा त्याच नावाचं दुसरं गाव पकडलं का, हे आधी बघावं लागलं असतं.

अर्ज तरी पुन्हा अडला, तो 'ब्लॉक'च्या रकान्यात. आपल्याकडे ब्लॉक म्हणजे पंचायत समितीचं क्षेत्र. ते सहसा तालुक्याएवढंच असतं, त्यामुळे आपण दोन्ही एकच समजतो. एलजीडीत मात्र तालुक्यांची यादी वेगळी, ब्लॉकची वेगळी, नाव एकच असलं तरी कोड निराळे. तालुक्याचा कोड ब्लॉकच्या रकान्यात टाकला होता. आणखी एक गंमत म्हणजे जनगणनेतला तालुक्याचा कोड पाच अंकी असतो आणि आपल्या राज्यात तो शून्याने सुरू होतो. एक्सेलमध्ये चिकटवला की शून्य गायब, उरतात चार. असे चार अंकी 'कोड' भरलेल्या याद्या मी सरकारी शिक्क्यानिशी पाहिल्या आहेत.

या पद्धतीने सगळं सुटतं असं नाही. जव्हार-मोखाड्यातली निम्मी माणसं गावाचं नाव विचारलं की पाड्याचं सांगतात, आणि पाड्याला कोड नसतो, कोड असतो महसुली गावाला. आधी पाडा कोणत्या गावात मोडतो ते तलाठ्याला विचारावं लागतं. ग्रामपंचायतीच्या नावावरही जाऊ नये, गट ग्रामपंचायतीत तीन-चार गावं एकाच गावाच्या नावावर चालतात. 2011 नंतर नव्याने झालेलं महसुली गाव जुन्या यादीत सापडणारच नाही. पिनकोडचं तर नावच नको: वाड्याचा 421303, जव्हारचा 401603, म्हणजे एकाच जिल्ह्यातले शेजारी तालुके, पण पहिले तीन आकडेही जुळत नाहीत. ती टपालाची सोय आहे, जिल्ह्याची हद्द नव्हे. आणि एलजीडी व सातबारा यांतच जिल्हा वेगळा निघाला, तर मग राजपत्रातली अधिसूचना काढून बघावी, तिच्यात तालुक्यांची नावं असतात.

खोडाळ्याच्या लोकांना टँकर मिळाला की नाही, ते बातमीत शेवटपर्यंत कळलं नाही. ते आणि जिल्ह्याचं नाव, दोन्हींची दुरुस्ती एकत्रच छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वाडा (जि. पालघर)