लर्निंगचा फॉर्म भरण्याआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, लर्निंगचा फॉर्म रात्री भरून टाकतो, पाच मिनिटांचं काम आहे." अजून भरला नसशील तर दोन दिवस थांब. माझ्या लायसन्सच्या नूतनीकरणासाठी गेला आठवडाभर मी त्याच `sarathi.parivahan.gov.in` वर बसले होते, त्यामुळे सगळं ताजं आहे.

आधी तुझं आधार बघ. आधारवरून अर्ज केलास तर परीक्षा पुण्यात हॉस्टेलवर बसून, कॅमेऱ्यासमोर देता येते. पण ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि तुझ्या आधारला बाबांचा जुना, बंद पडलेला नंबर आहे. शिवाय नाव, पत्ता, फोटो तिथूनच जसेच्या तसे उचलले जातात. तुझा फोटो चौथीतला आहे, पुढचे दात पडलेला! तेव्हा आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर आणि फोटो बदलून घे. ते जमलं नाही तर आधारशिवायचा पर्याय निवडून परीक्षेची तारीख घ्यायची आणि कागद घेऊन आपल्या पेठ रोडच्या आरटीओत यायचं. तोही रस्ता चांगलाच आहे, फक्त तुझी एक फेरी वाढेल.

वाहनाचा प्रकार निवडताना `MCWG` आणि `LMV` या दोन्हींवर खूण कर. पहिली गिअरची मोटारसायकल, दुसरी कार. आत्ता स्कूटरच चालवायची म्हणून बिनगिअरचा प्रकार घेतलास, तर उद्या बाबांची बाइक काढायला पुन्हा अर्ज करावा लागेल. एका प्रकाराचे 150 रुपये जास्त जातील, जाऊ देत.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. फॉर्म 1 म्हणजे तब्येतीचं स्वयंघोषणापत्र. माझी चाळिशी उलटली म्हणून मला डॉक्टरांनी तपासून दिलेला फॉर्म 1ए लागला. तुला तो लागत नाही. तू जे लिहिशील तेच धरलं जातं, म्हणून ते वाचून लिही. मी पहिलं लायसन्स काढलं तेव्हा एजंटने बोट ठेवलं तिथे सही केली, प्रश्न वाचलेसुद्धा नाहीत.

बहुतेक प्रश्न आजाराबद्दल आहेत: फेफरं येतं का, अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का, रातांधळेपणा आहे का. तिथे 'नाही' 'नाही' करत हात पुढे जातो. पण नजरेचा प्रश्न उलटा विचारलाय: दिवसाच्या चांगल्या उजेडात 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का? इथे धडधाकट माणसाचं उत्तर 'होय' असतं. ओघात 'नाही' झालं तर अर्ज अडकेल. आणि खरोखर 'नाही' असेल, तर 'होय' लिहून चालणार नाही.

मी रविवारी करून पाहिलं. बाबांनी टेप धरली आणि फाटकापासून 25 मीटर मोजले, माझी मोठी 33 पावलं झाली. समोर शेजाऱ्यांची पांढरी कार उभी होती. दोन्ही डोळ्यांनी नंबर स्पष्ट दिसला. डावा झाकला, तरी दिसला. उजवा झाकला आणि 3 कुठला, 8 कुठला ते कळेना. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याचं सांभाळून घेतो, म्हणून इतकी वर्षं मला पत्ता नव्हता. मागच्या वर्षी संध्याकाळी डाव्या बाजूची हातगाडी मला उशिरा दिसली आणि आरसा घासला गेला, तेव्हा मी अंधाराला दोष दिला होता. आता नवीन नंबरचा चष्मा आलाय. चष्मा लावून वाचता आलं तर उत्तर 'होय' धरतात, पण मग गाडी चालवताना तो लावायलाच हवा.

गणपतीत आलास तेव्हा सीबीएसवर समोरच्या बसची पाटी मला वाचायला सांगितलीस, ते माझ्या लक्षात आहे. मित्राला घेऊन एकेक डोळा झाकून बघ. अडखळलास तर आधी डोळे तपासून घे. आणि दहावीत वणीच्या गडावर रांगेत तुला भोवळ आली होती. उपाशी होतास आणि पुन्हा कधी झालं नाही, तरी त्या प्रश्नावर खूण करण्याआधी आपल्या डॉक्टरांना एक फोन कर. माझ्या अंदाजावर जाऊ नकोस.

लर्निंग सहा महिने चालतं, पण पक्क्या लायसन्सची परीक्षा लर्निंग मिळाल्यापासून 30 दिवसांनीच देता येते. दिवाळीच्या सुट्टीत ती उरकायची असेल तर सुट्टीच्या सव्वा महिना आधी लर्निंग हातात हवं. तोवर शेजारी लायसन्सवालं कोणी असल्याशिवाय कार बाहेर काढायची नाही, पुढे-मागे लाल 'एल' लावायचा.

डोळ्यांचं काय झालं ते कळव. चष्म्याचे पैसे बाबा पाठवतील.

तुझी,
आई